ठाण्याहून वाशीला, पण कुठून?

ठाणे स्टेशनात सकाळी साडेआठला तिकीटखिडकीची रांग जिन्यापर्यंत गेलेली असते. बाजूच्या एटीव्हीएमपुढे मात्र चारपाचच माणसं असतात, म्हणून नवखा प्रवासी तिकडे वळतो. वाशीला जायचं असतं. पडद्यावर मराठी निवडली, ‘वाशी’वर बोट ठेवलं, की यंत्र एक प्रश्न विचारतं: मार्ग कोणता? तुर्भेमार्गे की कुर्लामार्गे? मागचा माणूस घड्याळाकडे बघत असतो. प्रवासी वरचा पर्याय दाबतो, आणि चूक होते ती इथेच.

ठाण्याहून वाशीला जायला दोन रस्ते आहेत. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे असा ट्रान्सहार्बरचा रस्ता २००४ साली सुरू झाला. दुसरा जुना: मेन लाइनने कुर्ल्याला उतरायचं आणि तिथून हार्बरची गाडी धरायची. हा फेरा ट्रान्सहार्बरच्या मानाने बराच लांबचा आहे. लोकलचं भाडं मार्गाच्या अंतरावर ठरतं आणि तिकिटावर मार्गही छापला जातो. आता समजा, हातातलं तिकीट तुर्भेमार्गेचं आहे आणि फलाटावर कुणीतरी सांगतं, “अहो, ती गाडी उशिरा आहे, कुर्ल्यावरून जा.” गृहस्थ निघतात. कुर्ल्याच्या पुलावर टीसीने अडवलं, तर ते तिकीट त्या मार्गाचं नाही. वाशीचं तिकीट आहे, पैसे भरलेत, हे खरं. पण रेल्वेच्या लेखी हा मार्ग भरलेल्या पैशांत येत नाही. उलट झालं, म्हणजे लांबच्या मार्गाचं तिकीट काढून जवळच्या मार्गाने गेलं, तर नुकसान होतं ते फक्त जादा दिलेल्या पैशांचं.

विनातिकीट धरलं तर भाडं आणि वर किमान २५० रुपये भरावे लागतात. दहा रुपयांच्या तिकिटातली चूक एवढी महागात पडू शकते. चुकीचं निघालेलं तिकीट परत करून भागेल असंही नाही. अनारक्षित तिकीट रद्द करण्याचं शुल्कच ३० रुपये आहे, तेव्हा लोकलच्या साध्या तिकिटातून हातात काही उरत नाही. म्हणून मार्ग दाबण्याआधीच बघायचा, छापून आल्यावर नव्हे.

दर्जाचंही तसंच आहे. सेकंड क्लास, फर्स्ट क्लास आणि एसी लोकल हे तीन वेगळे पर्याय आहेत. फर्स्ट क्लासचं तिकीट एसीत चालेल, तेही महागाचंच आहे की, असा कयास पुष्कळांचा असतो. तो चुकीचा आहे. एसीसाठी एसीचंच तिकीट लागतं, आणि दारं बंद झाल्यावर हे कळून उपयोग नसतो. ‘परतीचं’ हे बटण नकळत दाबलं जातं ते निराळंच. रक्कम दुप्पट दिसली की ओळखावं.

वेळेची अट फार जण वाचत नाहीत. मुंबई उपनगरीय एकेरी तिकिटावर तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो. दुपारी रांग नको म्हणून सकाळीच काढून ठेवलेलं तिकीट दुपारी बाद झालेलं असतं.

पैसे देण्याचे मार्ग दोन: रेल्वेचं स्मार्ट कार्ड किंवा फोनवरून क्यूआर. कार्ड यंत्राच्या ठरावीक जागी ठेवायचं आणि तिकीट बाहेर येईपर्यंत उचलायचं नाही. पडद्यावर भाडं दिसलं की काम झालं असं वाटून लोक कार्ड काढतात आणि व्यवहार अर्धवट राहतो. क्यूआरमध्ये घोटाळा उलटा. फोनवर पैसे गेल्याचं दिसतं, माणूस घाईने निघतो आणि तिकीट खाली खाचेत पडून राहतं. किंवा छपाईला दोन क्षण लागले म्हणून तो पुन्हा पैसे भरतो.

बऱ्याच यंत्रांपाशी मदतनीस उभे असतात, बहुतेक निवृत्त रेल्वे कर्मचारी. ते स्वतःच्या कार्डावरून झटपट तिकीट काढून देतात. त्यांचं कमिशन रेल्वे देते. प्रवाशाने फक्त छापलेली रक्कम द्यायची. त्यांचा हात इतका सराईत की ‘वाशी’ म्हणताच तिकीट हातात पडतं, आणि मार्ग त्यांनीच निवडलेला असतो. तेव्हा त्यांना ‘वाशी’ एवढंच न सांगता ‘तुर्भेमार्गे वाशी, एकेरी, सेकंड’ असं सांगावं.

पैसे गेले आणि तिकीट आलंच नाही, तर गाडीत चढू नये. फोनवरचा संदेश तिकीट ठरत नाही. यंत्राचा क्रमांक आणि वेळ टिपून घ्यावी, तिकीटखिडकीवर तक्रार नोंदवावी आणि नवं तिकीट काढून निघावं.