पावसाळी नक्षत्रात डिशचे नक्षत्र

मृगाच्या सरी सुरू झाल्या की कोकणात टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला एक अनुभव हमखास येतो. पाऊस रिमझिम असेपर्यंत चित्र अगदी स्वच्छ असते. सर जोराची आली की चित्रावर चौकोन उमटू लागतात, आवाज तुटतो आणि थोड्याच वेळात पडद्यावर सिग्नल नसल्याची पाटी येते. सर ओसरली की चित्र परत येते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यामुळे हा खेळ चार महिने चालतो. एखादी मालिका बुडाली तर फारसे बिघडत नाही. पण वादळाच्या आदल्या संध्याकाळी, बातम्यांत समुद्राची खबर येत असताना असे झाले, तर ती पाच मिनिटेही महत्त्वाची असतात.

चित्र जाते कधी, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ते टिकते कशामुळे, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यामागे अनेक युक्त्या आहेत. त्यातली एक इतकी साधी आहे की तिला जास्तीची वीज लागत नाही आणि जास्तीचा पैसाही लागत नाही. ती म्हणजे आकड्यांचा क्रम बदलणे.

डीडी फ्री डिशचे उदाहरण घेऊ. तिच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी सोडलेला हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर, ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. रत्नागिरीतून तो आग्नेय दिशेला, क्षितिजापासून साधारण ६० अंश उंचावर येतो. म्हणून आपल्याकडच्या या डिश समुद्राकडे पाठ करून सह्याद्रीच्या अंगाला तोंड करून बसलेल्या दिसतात. उपग्रहापासून येथपर्यंतचे अंतर सुमारे साडेछत्तीस हजार किलोमीटर. त्यातले अखेरचे चार-पाच किलोमीटर पावसातून जातात आणि सगळी गडबड तिथेच होते. या लहरींची लांबी जेमतेम पावणेतीन सेंटिमीटर असते. पावसाचे टपोरे थेंब ती ऊर्जा शोषतात आणि इकडेतिकडे उधळतात. शिवाय पाऊस स्वतःही अशा लहरी थोड्या प्रमाणात बाहेर टाकतो. म्हणजे कामाचा सिग्नल घटतो आणि त्याच वेळी बिनकामाची खरखर वाढते. या खरखरीला अभियंते ‘नॉईज’ म्हणतात.

आता माहिती या लहरीवर कशी बसते ते पाहू. फ्री डिशच्या नेहमीच्या वाहिन्यांसाठी लहर चारपैकी एका स्थितीत पाठवली जाते. आपल्या घरातला बॉक्स प्रत्येक वेळी ती स्थिती एखाद्या कागदावर ठिपका मारावा तशी मोजतो. कागदाचे उभी आणि आडवी रेघ मारून चार भाग केले आहेत आणि प्रत्येक भागाच्या मधोमध एक ठरलेला बिंदू आहे, अशी कल्पना करा. या चार बिंदूंच्या मांडणीला अभियंते ‘नक्षत्र’च म्हणतात. चार बिंदू म्हणजे दोन बिट, कारण शून्य आणि एक यांच्या दोन-दोनच्या जोड्या चारच होतात: ००, ०१, १० आणि ११.

असा ठिपका किती वेळा येतो? डिश बसवणारा कारागीर बॉक्सच्या यादीत `Symbol Rate 29500` असा आकडा टाकतो, तो हाच. हा आकडा हजारांत असतो. म्हणजे सेकंदाला २ कोटी ९५ लाख ठिपके आणि प्रत्येकी दोन बिट.

स्वच्छ हवेत ठिपका ठरलेल्या बिंदूच्या जवळपास पडतो. पागोळीचे पाणी एकाच जागी पडते, पण शिंतोडे भोवती उडतात, तसे हे ठिपके बिंदूभोवती विखुरतात. पाऊस वाढला की शिंतोडे लांबवर उडू लागतात आणि काही ठिपके रेघ ओलांडून शेजारच्या चौकात जातात. बॉक्सला वाटते, शेजारचाच बिंदू पाठवला होता. ही झाली चूक.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. चूक झाली तर ती बहुतेक वेळा शेजारीच होते. समोरच्या कोपऱ्यातल्या चौकात जायला ठिपक्याला उभी आणि आडवी अशा दोन्ही रेघा एकाच वेळी ओलांडाव्या लागतात. समजा, पाऊस असा आहे की शंभरातला एक ठिपका चुकीच्या चौकात जातो. मग सेकंदाला सुमारे २ लाख ९५ हजार ठिपके चुकतील, पण त्यांतले समोरच्या कोपऱ्यात गेलेले जेमतेम साडेसातशे असतील. बाकी सगळे शेजारी.

मग कोणत्या चौकाला कोणती जोडी द्यायची, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. सरळ मोजणीप्रमाणे गोल फिरत नावे दिली तर उजवीकडे वर ००, डावीकडे वर ०१, डावीकडे खाली १० आणि उजवीकडे खाली ११ असे होईल. पण ०१ आणि १० शेजारी आले की अडचण होते. तिथली एक रेघ ओलांडली की दोन्ही बिट उलटतात. ११ आणि ०० यांच्या मधल्या रेघेवरही तेच होते. चारपैकी दोन रेघांवर एक बिट चुकतो आणि दोन रेघांवर दोन. सरासरी दीड. वरच्या उदाहरणात सेकंदाला सुमारे ४ लाख ४२ हजार बिट चुकतील.

उपग्रह टीव्हीच्या मानकात क्रम वेगळा ठेवला आहे: उजवीकडे वर ००, डावीकडे वर १०, डावीकडे खाली ११, उजवीकडे खाली ०१. आता कोणतीही रेघ ओलांडली तरी एकच बिट उलटतो. त्याच पावसात चुकलेल्या बिटांची संख्या २ लाख ९५ हजारांच्या आसपास राहते. चुकलेले ठिपके तेवढेच असतात, त्यांतून होणारे नुकसान मात्र एक तृतीयांशाने घटते.

असे का होते, हे बॉक्सच्या बाजूने पाहिले की स्पष्ट होते. या क्रमात पहिला बिट फक्त एवढेच सांगतो की ठिपका उजवीकडे आहे की डावीकडे. दुसरा सांगतो, वर की खाली. दोन स्वतंत्र प्रश्न, दोन स्वतंत्र उत्तरे. सरळ मोजणीच्या क्रमात मात्र दुसऱ्या बिटाचे उत्तर देण्यासाठी दोन्ही गोष्टी माहीत असाव्या लागतात, आणि त्यांतली एक जरी चुकली तरी उत्तर चुकते.

या क्रमाला ‘ग्रे कोड’ म्हणतात. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमधले फ्रँक ग्रे यांनी १९४७ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५३ मध्ये ते मिळाले. त्यांच्यापुढचा प्रश्न वेगळा, पण याच जातीचा होता. आवाजाचे आकड्यांत रूपांतर करणाऱ्या नळीत इलेक्ट्रॉनांचा झोत छिद्रांच्या ओळींवर पडत असे. झोत दोन ओळींच्या मधे पडला की दोन्ही ओळींचे बिट एकमेकांत मिसळत आणि भलताच आकडा वाचला जाई. शेजारच्या ओळींत एकाच छिद्राचा फरक ठेवल्यावर ही भीती गेली.

ग्रे यांनी या क्रमाला ‘परावर्तित’ म्हटले, कारण तो आरशासारखा तयार होतो. ० आणि १ लिहा. त्याखाली आरसा धरल्यासारखे उलट क्रमाने १ आणि ० लिहा. वरच्या निम्म्यांच्या आधी ०, खालच्या निम्म्यांच्या आधी १ जोडा. मिळते ००, ०१, ११, १०. हीच कृती पुन्हा केली की आठ आकडे मिळतात: ०००, ००१, ०११, ०१०, ११०, १११, १०१, १००. शेजारच्या कोणत्याही दोघांत एकाच बिटाचा फरक आहे, आणि शेवटचा आकडा पहिल्याशीही तसाच जुळतो. म्हणून तो वर्तुळावरही बसतो.

बिंदू वाढले की या क्रमाचा फायदा वाढतो. उपग्रह टीव्हीच्या नव्या पद्धतीत वर्तुळावर आठ बिंदू ठेवता येतात. तिथे सरळ मोजणीने फिरलो तर आठ सीमा ओलांडताना एकूण १४ बिट उलटतात, ग्रेच्या क्रमाने आठच. मोबाइलच्या ४जी मध्ये १६ किंवा ६४ बिंदूंची चौकट असते आणि तिथेही उभ्या-आडव्या दोन्ही दिशांना हाच क्रम लावलेला असतो.

पुन्हा आपल्या डिशकडे येऊ. सरळ मोजणीचा क्रम ठेवून चुकलेल्या बिटांचे प्रमाण ग्रे कोडइतकेच राखायचे असते, तर वरच्या उदाहरणातल्या पावसात सिग्नल सुमारे १० टक्के जास्त ताकदीचा लागला असता. म्हणजे ६० सेंटिमीटर व्यासाच्या डिशऐवजी साधारण ६३ सेंटिमीटरची. हा फायदा फुकटात मिळतो, पण त्याची मर्यादाही यातूनच कळते. मुसळधार सरीत सिग्नल निम्म्यावर किंवा पावावर येतो, तेव्हा १० टक्क्यांनी काही वाचत नाही. फायदा होतो तो सर सुरू होताना आणि ओसरताना, म्हणजे चित्र जाईल की राहील अशा काठावरच्या वेळी.

उरलेल्या चुकांची दुरुस्ती पुढच्या टप्प्यावर होते. उपग्रहाने मुद्दाम जोडलेल्या जादा बिटांच्या आधारे बॉक्स चुका शोधून सुधारतो. शेवटच्या फेरीत २०४ बाइटच्या प्रत्येक गठ्ठ्यातले आठ बाइटपर्यंत चुकले तरी ते पूर्ववत करता येतात. नववा चुकला की तो गठ्ठा वाया जातो आणि पडद्यावर चौकोन दिसतो. म्हणून डिशचे चित्र जुन्या अँटेनासारखे हळूहळू मुंग्यांनी भरत नाही. ते शेवटपर्यंत स्वच्छ राहते आणि मग एकदम कोसळते.

आपण त्या काठाच्या किती जवळ आहोत, हे बॉक्सच्या सेटिंगमध्ये पाहता येते. तिथे बहुधा `Signal Strength` आणि `Signal Quality` अशा दोन पट्ट्या असतात. पहिली पट्टी आलेली एकूण ताकद दाखवते, खरखरीसकट. त्यामुळे पावसात ती फारशी हलत नाही आणि माणूस फसतो. ठिपके बिंदूपासून किती विखुरले आहेत याचा अंदाज दुसरीवरून येतो. डिश फिरवताना नजर तिच्यावरच ठेवावी, आणि हे काम पाऊस लागण्याआधी, कोरड्या हवेत करावे. कोरड्या दिवशीही दुसरी पट्टी अर्ध्यावर रेंगाळत असेल तर डिशची दिशा थोडी हललेली असते, जोडणीला गंज चढलेला असतो किंवा समोर माडाची झावळी आलेली असते. तेवढे नीट केले, तर आर्द्रात चित्र नक्कीच थोडे जास्त वेळ तग धरेल.