आधी तिला बोलू द्या

सख्यांनो, रायगडच्या किनाऱ्यावर जुनी माणसं ज्यांना ‘शनिवार तेली’ म्हणत, ते बेने इस्रायली म्हणजे ज्यू लोक. ज्यू घरात कोणी वारलं की दफनापासून सात दिवस जवळची माणसं घरीच शोकात बसतात. याला ‘शिवा’ म्हणतात. हिब्रूत त्याचा अर्थ सात. आपल्या शंकराशी संबंध नाही.

भेटायला गेलात तर दार बहुधा उघडंच असतं, न ठोकता आत जावं. घरचे जमिनीवर किंवा बुटक्या स्टुलावर बसलेले असतात. नमस्कार-चमत्कार नाही, “कसं झालं हो?” नाही. गुपचूप जवळ बसायचं. शोकातली बाई बोलली, की मगच आपण बोलायचं. आम्हा बायकांना हेच जड जातं, आपण तर उंबऱ्यातूनच सुरुवात करतो! तिने आईची आठवण काढली, तर आपल्याकडचीही एखादी सांगावी. ती गप्प राहिली, तर आपणही गप्प.

पाहुणचाराची अपेक्षा नको. उलट दफनानंतरचं पहिलं जेवण शेजारीपाजारी आणतात. त्यात उकडलेली अंडी, मसूर असतात. पण त्यांचे खाण्याचे नियम कडक, म्हणून आधी नातेवाइकांना विचारावं, नाहीतर फळं न्यावीत. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत मात्र जाऊ नये. तो त्यांचा शब्बाथ, तेव्हा उघड शोक करत नाहीत.