फोनच्या किमतीचा आलेख: पायऱ्या, खड्डे आणि सपाट रेघा

ऑनलाइन दुकानातल्या फोनची किंमत नोंदवणाऱ्या सेवा एक साधे काम करतात. ठरावीक अंतराने त्या फोनच्या पानावरची किंमत वाचतात आणि तारीख-वेळेसह जपून ठेवतात. कीपा ही सेवा फक्त ॲमेझॉनसाठी हे करते. बायहटकेसारख्या भारतीय सेवांवर फ्लिपकार्ट आणि इतर दुकानांच्या किमतीही दिसतात. साठवलेल्या नोंदींचा आलेख काढला की आडव्या अक्षावर तारखा येतात आणि उभ्या अक्षावर रुपये. शेअरच्या भावासारखी ही रेघ सतत वळवळत नाही. ती सपाट चालते, एका क्षणी सरळ खाली किंवा वर जाते आणि पुन्हा सपाट होते, कारण दुकानदार किंमत बदलेपर्यंत ती तीच राहते.

आलेख उघडल्यावर बहुतेकांची नजर सर्वांत खालच्या बिंदूवर जाते, आणि वाचनातली पहिली गफलत तिथेच होते. एखाद्या रात्री दोन तासांसाठी फोन १९,४९९ रुपयांना मिळाला असेल, तर आलेखावर त्याची ‘नीचांकी किंमत’ म्हणून नोंद राहते; पण त्या किमतीला तो पुन्हा मिळेलच असे त्यातून सिद्ध होत नाही. किंमत किती खाली गेली यापेक्षा ती तिथे किती दिवस टिकली आणि किती वेळा तिथवर आली, हे जास्त उपयोगाचे. उंचीइतकेच रुंदीकडे पाहायचे, एवढे लक्षात ठेवले तरी निम्मा आलेख उलगडतो.

पण त्याआधी आलेख नेमका कोणत्या वस्तूचा आहे हे तपासावे लागते. एकाच फोनच्या ८ जीबी रॅम-१२८ जीबी आणि ८ जीबी-२५६ जीबी या प्रकारांचे आलेख वेगळे असतात. बरेचदा रंगांचेही वेगळे असतात, आणि कमी खपणारा रंग हजार-दीड हजाराने स्वस्त झालेला दिसतो. दुसरी तपासणी उभ्या अक्षाची. हा अक्ष अनेकदा शून्यापासून सुरू होत नाही. तो २२,००० पासून २५,००० पर्यंतच ताणलेला असेल, तर हजार रुपयांची उतरंड कड्यासारखी दिसते, प्रत्यक्षात सूट चार टक्क्यांची असते. तिसरी गोष्ट कालावधीची. सुरुवातीला शेवटच्या एक महिन्याचा आलेख दिसत असेल, तर तो बदलून फोन बाजारात आल्या दिवसापासूनचा घ्यावा. महिन्याभराच्या तुकड्यात सेलचा खड्डा आणि कायमची उतरण यांतला फरक कळत नाही.

हा फरकच वाचनाचा गाभा आहे. फोनच्या आलेखात दोन आकार पुन्हापुन्हा भेटतात. एक पायरी: किंमत खाली येते आणि तिथेच आठवडेच्या आठवडे राहते. दुसरा खड्डा: किंमत चार-पाच दिवस खाली जाते आणि पुन्हा पहिल्या पातळीवर येते. पायरी म्हणजे फोनची नेहमीची किंमतच बदलली. खड्डा म्हणजे सेल. पायरीवर घाई करायचे कारण नसते, खड्ड्यात मात्र मुदत असते.

पायऱ्या कशा पडतात हे आयफोन १३ च्या उदाहरणात स्वच्छ दिसते. सप्टेंबर २०२१ मध्ये त्याच्या १२८ जीबी प्रकाराची भारतातली अधिकृत किंमत ७९,९०० रुपये होती. सप्टेंबर २०२२ मध्ये आयफोन १४ आला आणि १३ ची किंमत ६९,९०० झाली. पुढच्या सप्टेंबरात आयफोन १५ आल्यावर ती ५९,९०० वर आली, आणि २०२४ मध्ये १६ आल्यानंतर ॲपलने १३ आपल्या यादीतून काढूनच टाकला. दरवर्षी एकाच महिन्यात दहा हजारांची पायरी. ऑनलाइन दुकानांतली प्रत्यक्ष किंमत या अधिकृत आकड्याखाली वारंवार जात असे, पण पायरीचे कारण बदलत नाही: नवे मॉडेल आले की जुन्याची जागा खाली सरकते. अँड्रॉइड फोनमध्ये पायऱ्या इतक्या नेमक्या नसतात. त्या जास्त आणि लहान असतात, आणि पहिली पायरी पहिल्या काही महिन्यांतच पडू शकते. म्हणून ऑगस्टच्या शेवटी जुना आयफोन पूर्ण किमतीला घेणे हा शहाणपणाचा व्यवहार क्वचितच ठरतो.

खड्ड्यांचे वेळापत्रक याहून सोपे आहे. भारतात मोठे सेल साधारण जानेवारीत प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये दसरा-दिवाळीच्या तोंडावर लागतात. ॲमेझॉनचा सभासदांसाठीचा सेल बहुधा जुलैत असतो. वर्षभराच्या आलेखात या महिन्यांखाली बोट ठेवून पाहिले की हा विशिष्ट फोन कोणत्या सेलमध्ये खरोखर उतरतो आणि कोणत्या सेलमध्ये त्याला नुसते तोरण बांधलेले असते, ते कळते.

आता एक संपूर्ण आलेख वाचू. समजा, मधल्या किमतीचा एक अँड्रॉइड फोन मार्चमध्ये २४,९९९ रुपयांना आला. जूनच्या मध्यापर्यंत रेघ सपाट आहे. मग ती २२,९९९ वर उतरते आणि तिथेच राहते: पहिली पायरी. ऑगस्टमध्ये पाच दिवस २१,४९९: खड्डा. सप्टेंबरच्या सुरुवातीला रेघ अचानक वर जाऊन दोन आठवडे २४,९९९ वर बसते आणि दिवाळीच्या सेलमध्ये आठ दिवस २०,९९९ होते. सेल संपल्यावर पुन्हा २२,९९९. डिसेंबरच्या मध्यात दुसरी पायरी, २१,९९९. जानेवारीच्या सेलमध्ये पहिल्या रात्री काही तास १९,४९९, नंतर पाच दिवस १९,९९९, आणि परत २१,९९९. आज फेब्रुवारीचा मध्य आहे.

सप्टेंबरमधला तो उंचवटा नीट पाहण्यासारखा आहे. सेलच्या जाहिरातीत ‘चार हजारांची सूट’ असे झळकले असेल, आणि आधीच्या दोन आठवड्यांच्या हिशेबाने ते खोटेही नाही. पण त्याआधी सुमारे अडीच महिने, ऑगस्टचे पाच दिवस वगळता, फोन २२,९९९ लाच मिळत होता, म्हणजे खरी सूट दोन हजारांची. पानावर खोडून दाखवलेली एमआरपी तर याहूनही कमी कामाची. तो खोक्यावर छापलेला कमाल आकडा असतो, आणि पुष्कळ फोन त्या किमतीला एक दिवसही विकलेले नसतात. आलेख जवळ असेल तर एमआरपीकडे पाहण्याची गरजच उरत नाही.

आलेखाच्या शेजारी बहुतेक सेवा ‘सरासरी किंमत’ देतात. फोनच्या बाबतीत हा आकडा फसवा आहे. तांदळाची किंमत वर-खाली होते, फोनची मात्र वयाबरोबर उतरतच जाते. सुरुवातीचे महागडे महिने सरासरीत धरल्यामुळे आजची किंमत जवळजवळ नेहमीच ‘सरासरीपेक्षा कमी’ दिसते आणि सौदा चांगला वाटतो. वरच्या उदाहरणात आजचे २१,९९९ सरासरीच्या खाली आहेत. तरीही ती आजची नेहमीची किंमत आहे, सवलत नव्हे. तुलना करायची ती शेवटच्या पायरीशी.

मग घ्यायचा की थांबायचे? दोन महिन्यांच्या पायरीवर २१,९९९ आहे, ताज्या खड्ड्याचा तळ १९,९९९ आहे, आणि फोन गेल्या मार्चमध्ये आला असल्यामुळे त्याचा वारस येत्या मार्च-एप्रिलमध्ये येण्याची शक्यता आहे. म्हणजे चार ते आठ आठवडे थांबल्यास सुमारे दोन हजार वाचू शकतात. हातातला फोन चालत असेल तर थांबणे रास्त आहे. तो बंदच पडला असेल, तर दोन हजारांसाठी दोन महिने अडून बसण्यात अर्थ नाही. थांबायचे ठरले तर किमतीची सूचना २०,००० वर लावावी. १९,४९९ वर लावली, तर त्या काही तासांच्या नीचांकाची वाट पाहता पाहता १९,९९९ चे पाच दिवस निघून जातात.

आलेखाला न दिसणाऱ्या गोष्टीही आहेत, आणि भारतात त्या लहान नाहीत. तो पानावरची छापील किंमत वाचतो. विशिष्ट बँकेच्या कार्डावर मिळणारी हजार-दोन हजारांची तत्काळ सूट आणि जुना फोन दिल्यावरचा एक्स्चेंज बोनस त्यात बहुधा येत नाहीत. त्यामुळे दोन सेलमध्ये रेघ एकाच पातळीवर असली, तरी ज्या सेलमध्ये स्वतःच्या बँकेचे कार्ड चालते तो स्वस्त. ‘नो-कॉस्ट ईएमआय’ची बाजू उलटी आहे. त्यात व्याजाइतकी रक्कम आधी सूट म्हणून मिळते, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी आणि बँकेचे प्रक्रिया शुल्क ग्राहकाकडूनच जाते. आलेखातल्या किमतीवर हे दोन-चारशे रुपये मनात धरलेले बरे.

मागचा आलेख पुढचे सांगतो तो बाजार तसाच राहिला तर. जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात मोबाइलवरचा सीमाशुल्क २० वरून १५ टक्के झाला आणि ॲपलने मधल्याच महिन्यात किमती उतरवल्या. कोणत्याही जुन्या रेघेत ती पायरी आधी दिसली नसती. उलटही घडते. २०२५ च्या अखेरीस मेमरी चिपचे भाव चढले, तेव्हा ‘जुना झाला की स्वस्त होणारच’ या हिशेबावर विसंबणे अवघड झाले. शिवाय थांबण्याची एक किंमत आलेखात नसते: सॉफ्टवेअर अपडेटची वर्षे सामान्यतः फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात, खरेदीच्या दिवसापासून नव्हे. चार वर्षांच्या अपडेटचा फोन दीड वर्षाने घेतला तर अडीचच वर्षे हाती लागतात.

आणि रेघेचा शेवटचा भाग. वारस येऊन काही महिने झाले की कंपनी जुना फोन पाठवणे थांबवते. आलेखात आधी तुटलेल्या जागा दिसू लागतात, म्हणजे त्या दिवसांत माल नव्हता. मग किंमत वर जाते, कधी मूळ किमतीच्याही वर, कारण उरलेला एखादाच विक्रेता हवा तो आकडा लावून बसलेला असतो. असा तुटक आणि चढता शेवट दिसला, तर पुढचा सेल त्या फोनसाठी येणार नाही. अशा वेळी त्याच्या वारसाचा आलेख उघडून पहिली पायरी पडली आहे का ते पाहावे.