एकच अभंग, तीन गायनप्रकार

सामुदायिक भजनावर शोधनिबंध लिहायचा म्हटला की बहुतेक विद्यार्थी शब्दांपासून सुरुवात करतात. अभंग उतरवून घ्यायचा, अर्थ द्यायचा, रागाचे नाव लिहायचे, की निबंध संपला! परंतु संगीत आणि ते गाणारा समाज यांचा एकत्र अभ्यास करणाऱ्या शास्त्रात एवढ्याने भागत नाही.

तुकाराममहाराजांचा एकच अभंग घेऊ. वारीच्या दिंडीत गळ्यात वीणा घेतलेला विणेकरी, पखवाजवाला आणि टाळकऱ्यांच्या रांगा असतात. एकाने चरण म्हणायचा, सर्वांनी तो उचलायचा. येथे श्रोता असा कोणी नसतोच. तोच अभंग नारदीय कीर्तनात आला, की एकटे कीर्तनकारबुवा उभे राहून पूर्वरंगात त्यावर निरूपण करतात, उत्तररंगात आख्यान लावतात. मंडळी बसून ऐकतात आणि मधल्या नामगजरात तेवढा सूर मिसळतात. पंडित भीमसेन जोशी यांच्या 'संतवाणी'त तोच अभंग मैफलीचा होतो. शब्द तेच, पण गायनप्रकार तीन. कोण गातो, कोण उत्तर देतो, लय कशी वाढते आणि शेवट कसा होतो, यांवरून प्रकार ठरतो.

म्हणून ध्वनिमुद्रण आरंभीच्या नमनापासून आरतीपर्यंत सलग करावे. यंत्र टाळांजवळ ठेवल्यास गळे बुडतात आणि केवळ झणत्कार उरतो. दुसरे यंत्र मागे बसणाऱ्यांजवळ ठेवावे. अर्थात, मंडळींची परवानगी आधी घ्यावी. नंतर मिनिटागणिक टिपण करावे. समजा, आठ मात्रांच्या भजनी ठेक्याचे एक आवर्तन आरंभी सहा सेकंदांत होते, म्हणजे मिनिटाला ८० मात्रा. शेवटी ते चार सेकंदांत होऊ लागले, म्हणजे १२० मात्रा. लय वाढली एवढेच लिहू नये. ती कोणत्या चरणावर वाढली, इशारा पखवाजाने दिला की पुढच्या गायकाने, हे शोधावे. निबंधाचा गाभा तेथे आहे.

मग ते मुद्रण गाणाऱ्यांनाच ऐकवून विचारावे, "यातून काय काढले तर हे भजन राहणार नाही?" त्यांचे उत्तर आणि आपली व्याख्या जुळत नसतील, तर दोन्ही निबंधात लिहावीत. लेखकाने एकट्याने केलेली व्याख्या त्या समाजाची म्हणून खपवू नये.

आपल्या बेटावर हे विशेष ध्यानात ठेवावे लागेल. घरात क्रेओल बोलणारी, देवनागरी न वाचणारी किती तरी माणसे गणेशचतुर्थीला पालुपद अचूक वेळी उचलतात. केवळ शब्द मोजणारा निबंध त्यांना 'भाषा न येणारे' म्हणून बाजूस सारील. कोण उचलतो, केव्हा उचलतो, हे टिपणारा निबंध मात्र त्यांना भजनाचे जाणकार म्हणून नोंदवील. ही नोंद आजच्या वृद्ध मंडळींच्या हयातीतच व्हावयास हवी, कारण वरील प्रश्नाचे उत्तर देणारे तेच आहेत.