हिरव्या खुणेच्या आत दडलेली चूक

सॉफ्टवेअर कंपन्यांच्या मुलाखतींमध्ये हल्ली एक वेगळी फेरी घेतली जाते. उमेदवाराला नवा प्रोग्राम लिहायला सांगत नाहीत. दुसऱ्या कुणीतरी लिहिलेला कोड समोर ठेवतात, त्यात मुद्दाम काही चुका पेरलेल्या असतात, आणि पाऊण-एक तासात तो वाचून त्यावर कॉमेंट लिहायच्या असतात. हिला कोड रिव्ह्यूची फेरी म्हणतात. नोकरीत रोज हेच काम पडतं. कुणीही केलेला बदल थेट चालू यंत्रणेत जात नाही. तो आधी ‘पुल रिक्वेस्ट’ म्हणून सहकाऱ्यांसमोर येतो. काढलेल्या ओळी लाल, घातलेल्या ओळी हिरव्या दिसतात, आणि कुणीतरी वाचून होकार दिला की मगच तो मूळ कोडमध्ये मिसळतो.

कोड इतरांनी वाचून तपासावा ही पद्धत जुनी आहे. आयबीएममधल्या मायकेल फॅगन यांनी 1976 साली तिची शिस्तशीर मांडणी प्रसिद्ध केली होती. तेव्हा माणसं छापील कागद घेऊन बैठकीला बसत. आता वाचणारा एकटा असतो, पडद्यासमोर असतो आणि बहुतेक वेळा घाईत असतो.

एक नमुना घेऊ. मोबाइल वॉलेटमधून बँकेत पैसे काढण्याची सोय करणारी ही पुल रिक्वेस्ट आहे. तिचा गाभा एवढाच:

```python
def withdraw(user_id, amt):
    bal = get_balance(user_id)
    if bal >= amt:
        set_balance(user_id, bal - amt)
        pay_out(user_id, amt)
        return True
```

प्रोग्रामिंग येत नसलं तरी हे वाचता येईल. शिल्लक बघा, ती मागितलेल्या रकमेइतकी किंवा जास्त असेल तर तेवढी वजा करून नवी शिल्लक लिहा, पैसे पाठवा, ‘झालं’ म्हणून कळवा. सोबत एक चाचणी जोडली आहे: 500 रुपयांतून 200 काढले की 300 उरतात. ती पास झाली आहे आणि तिच्यापुढे हिरवी खूण आहे.

बरेच उमेदवार लगेच लिहायला लागतात की `amt` ऐवजी पूर्ण नाव द्या, `bal` कळत नाही. चूक नाही, पण अशा पाच-सहा कॉमेंटांत वेळ जातो आणि पैसे गळतात ती जागा तशीच राहते. माझ्या मते आधी पुल रिक्वेस्टचं वर्णन वाचावं, मग चाचण्या आणि शेवटी कोड. वर्णनावरून काय करायचं होतं ते कळतं, आणि चाचण्यांवरून लिहिणाऱ्याच्या मनात कुठले प्रसंग आले होते ते कळतं. इथे एकच माणूस एकदाच पैसे काढतो, एवढाच प्रसंग आहे. मग जे प्रसंग मनात आले नाहीत, ते घेऊन कोडकडे जायचं.

पहिला प्रसंग. शिल्लक 500 आहे. नेटवर्क मंद आहे म्हणून ग्राहकाने 500 काढण्याचं बटण दोनदा दाबलं, आणि दोन विनंत्या जवळजवळ एकदम सर्व्हरवर पोचल्या. पहिलीने दुसऱ्या ओळीत शिल्लक वाचली: 500. तिने नवी शिल्लक लिहिण्याआधीच दुसरीनेही वाचली: 500. तिसऱ्या ओळीची अट दोघींनी पार केली, दोघींनी शिल्लक शून्य लिहिली, आणि दोनदा पैसे गेले. खात्यात 500 असताना बाहेर पडले 1000. वाचणं आणि लिहिणं यांच्यात फट आहे आणि दुसरी विनंती तिथूनच घुसते. जोडलेल्या चाचणीत हे कधीच दिसणार नाही, कारण चाचणी कामं एकामागून एक करते. खात्री करायची तर त्या फटीत मुद्दाम अर्ध्या सेकंदाचा थांबा घालून दोन विनंत्या एकदम सोडाव्यात.

दुसरा प्रसंग आणखी साधा आहे. रक्कम म्हणून कुणी -500 पाठवले तर? 500 ही -500 पेक्षा मोठीच असते, म्हणून अट पार होते, आणि 500 वजा -500 म्हणजे 1000. काढायला गेलेल्याची शिल्लक दुप्पट होते. असलेल्या ओळींत खोट नाही, रक्कम शून्यापेक्षा जास्त आहे का हे तपासणारी ओळच नाही. लाल-हिरव्या रंगांत नसलेली ओळ दिसत नाही. 2014 साली जगभर गाजलेली ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी याच जातीची होती. समोरून सांगितलेली लांबी खरी आहे का, ही तपासणी राहून गेली होती. तोही कोड मर्ज होण्याआधी वाचला गेला होता.

आता कॉमेंट. प्रत्यक्षात त्या इंग्रजीत लिहितात, इथे मराठीत देतो. एक उमेदवार लिहितो: ‘हे साफ चुकीचं आहे. एकाच वेळी दोन विनंत्या येतील याचा विचारच केलेला नाही.’ निदान बरोबर आहे, तरी ही कॉमेंट निकामी आहे. कुठे, कसं आणि पुढे काय, यातलं काहीच त्यात नाही. जे आहे ते लिहिणाऱ्याच्या अकलेबद्दल आहे, आणि तो आता कोड सुधारण्याआधी स्वतःचा बचाव करेल. दुसरा लिहितो: ‘मर्ज करण्याआधी हे बदलायला हवं. शिल्लक 500 असताना 500 च्या दोन विनंत्या एकदम आल्या, तर दोन्ही ओळ 2 वर 500 वाचतील आणि 1000 रुपये जातील. तपासणी आणि वजाबाकी डेटाबेसच्या एकाच आज्ञेत केली तर चालेल का?’ आणि खाली जोडतो:

```sql
UPDATE wallets SET balance = balance - 500
WHERE user_id = 42 AND balance >= 500;
```

पहिली आज्ञा चालू असताना डेटाबेस ती नोंद अडवून धरतो. दुसरी थांबते, तिची पाळी आली की अट पुन्हा तपासली जाते, आणि एकही नोंद बदलत नाही. शून्य नोंदी बदलल्या तर पैसे पाठवायचे नाहीत.

या कॉमेंटमध्ये गोड शब्द नाहीत, तरी ती आदराने लिहिलेली आहे. वाचणाऱ्याला आकडे स्वतः ताडून बघता येतात आणि पटलं नाही तर उत्तर देता येतं. जिथे रिव्ह्यू करणाऱ्यालाच पूर्ण माहिती नसते, तिथे सरळ विचारावं: ‘ओळ 5 वर बँकेकडून नकार आला तर कापलेली शिल्लक परत कुठे जमा होते? मला या फाइलमध्ये सापडलं नाही.’ कदाचित ती सोय दुसरीकडे असेलही.

वरच्या दुरुस्तीलाही मर्यादा आहे, आणि चांगला उमेदवार ती बोलून दाखवतो. शिल्लक 1000 असेल तर दोनदा दाबलेल्या बटणाच्या दोन्ही विनंत्या नियमात बसतात आणि ग्राहकाला नको असताना दोनदा पैसे निघतात. त्यासाठी प्रत्येक विनंतीला स्वतंत्र क्रमांक देऊन तोच क्रमांक पुन्हा आला तर नाकारावा लागतो. ते याच पुल रिक्वेस्टमध्ये करायचं की पुढच्या, हे लिहिणाऱ्याशी बोलून ठरवावं.

नावांबद्दलची कॉमेंट शेवटी, एकच, आणि पुढे `nit:` लावून. म्हणजे बारीकसारीक सूचना आहे, नाही ऐकली तरी हरकत नाही. गूगलच्या जाहीर मार्गदर्शिकेतही ही खूण सुचवली आहे. बदल निर्दोष नसला तरी त्याने एकूण कोड सुधारत असेल तर होकार द्यावा, असंही तिथे म्हटलं आहे. या नमुन्याला मात्र होकार देता येत नाही. इथे `Request changes` हेच बटण दाबायचं, आणि दोन कारणं वर स्पष्ट लिहायची: एकाच वेळी येणाऱ्या विनंत्या आणि ऋण रक्कम.

या फेरीची तयारी करणाऱ्यांनी गिटहबवरच्या एखाद्या खुल्या प्रकल्पातली जुनी, मर्ज झालेली पुल रिक्वेस्ट उघडावी. तिथल्या कॉमेंट न बघता स्वतःच्या कॉमेंट कागदावर लिहाव्यात आणि मगच त्या प्रकल्पातल्या जाणकारांनी काय पकडलं होतं ते ताडून बघावं.