सोफा वाचवा, पेपर अंथरा!

दोन महिन्यांचं लॅबचं पिल्लू फ्लॅटमध्ये आणलंत? मग घड्याळावर नजर ठेवा. या वयात ते दिवसा जेमतेम दोन-तीन तास शू धरू शकतं. म्हणून झोपून उठल्यावर, खेळून झाल्यावर आणि खाल्ल्यावर पंधरा-वीस मिनिटांत त्याला बाल्कनीतल्या ठरलेल्या पेपरवर न्या. काम झालं, की तिथेच लगेच खाऊ द्या. मध्येच जमीन हुंगत गोल फिरू लागलं, तर उचलाच! घरात झालीच, तर ओरडू नका. ते लपून करायला शिकतं.

चौथ्या महिन्यात दुधाचे दात पडू लागतात, हिरड्या शिवशिवतात आणि सोफ्याचा पाय तोंडात जातो. तेव्हा रागावण्याऐवजी ओला फडका पिळून, फ्रीजमध्ये गार करून चघळायला द्या. फक्त तो गिळत नाही ना, याकडे लक्ष असू द्या.