हृदयाच्या आकृतीतल्या रेघा

हृदयाच्या उभ्या छेदाची आकृती काढून झाली, रंग भरून झाले आणि आता नावं टाकायची वेळ आली, की चित्रकाराचं खरं काम सुरू होतं. इंचाइंचात दडलेल्या डझनभर भागांना नावं द्यायची आणि प्रत्येक नावापासून एक रेघ नेमक्या भागात न्यायची. दोन रेघा एकमेकींना छेदल्या, की मुलाचं बोट नको त्या कप्प्यात जातं.

या कटकटीतून हेन्री व्हॅनडाइक कार्टर बऱ्याच अंशी सुटला होता. १८५८ साली निघालेल्या ‘ग्रेज अॅनॅटॉमी’ची चित्रं त्याची. त्यानं बऱ्याच ठिकाणी नावं थेट स्नायूवर, रक्तवाहिनीवरच लिहिली, त्यामुळे रेघांचा प्रश्न फारसा उरला नाही. त्याच वर्षी तो मुंबईला आला आणि पुढे ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यानं शरीररचनाशास्त्र शिकवलं. पण जाड वैद्यकीय ग्रंथातल्या मोठ्या चित्राला जे जमतं ते शाळेच्या पुस्तकातल्या हातभर लहान आकृतीला जमत नाही. झडपेच्या पातळ पाकळीवर ‘त्रिदल झडप’ कुठे मावणार? नावं बाहेर, समासाकडेच न्यावी लागतात.

गुंता होतो तो क्रमामुळे. लेखकानं दिलेली यादी बहुधा रक्ताच्या प्रवासाच्या क्रमानं असते: महाशिरा, अलिंद, झडप, निलय. चित्रकार तीच यादी समासात उतरवतो आणि सुटलेलं एखादं नाव तळाशी टाकतो. उदाहरणच घेऊ. आकृतीत उजव्या बाजूचे कप्पे पानावर डावीकडे येतात. समजा डाव्या कडेपासून १० मिलिमीटरवर नावं संपतात. अधोमहाशिरेचा बिंदू कडेपासून ३० मिलिमीटरवर आणि वरून ७० मिलिमीटर खाली आहे. उजव्या निलयाचा बिंदू ५५ मिलिमीटर आत आणि ८५ मिलिमीटर खाली. आता ‘उजवे निलय’ हे नाव ७२ मिलिमीटरवर आणि ‘अधोमहाशिरा’ त्याच्या खाली ८४वर ठेवलं, तर निलयाची रेघ वर चढते, शिरेची खाली उतरते आणि दोघी वाटेत एकमेकींना छेदतात.

उपाय सोपा आहे: दोन्ही नावांची अदलाबदल. मग दोन्ही रेघा जवळपास आडव्या होतात आणि निलयाची रेघ शिरेच्या टोकाखालून सरळ बाहेर पडते. लांबीही पाहा. आधी दोन्ही रेघा मिळून सुमारे ७१ मिलिमीटर होत्या, आता ६५. हा योगायोग नव्हे. छेदणाऱ्या दोन सरळ रेघांची नावं बदलली, की त्यांची एकूण लांबी नेहमीच घटते. म्हणून एक गुंता सोडवताना तिसरीच रेघ अडकली तरी घाबरायचं कारण नाही. लांबी दर वेळी कमीच होत असल्यामुळे फिरून त्याच गुंत्यात परत येता येत नाही, आणि शेवटी एकही छेद उरत नाही. नुसता वरून खाली असा क्रम लावला तरी बहुतेक काम होतं. फसतं ते खोलवरच्या आणि कडेच्या बिंदूंची जोडी जवळ आली की, आणि तिथे ही अदलाबदल कामी येते.

मात्र रेघांनी एकमेकींना छेदलं नाही म्हणजे सगळं साधलं असं नव्हे. रेघ कप्प्याच्या भिंतीवर संपली, तर नाव भिंतीचं की पोकळीचं, हे कळत नाही. पोकळीसाठी रेघ आत न्यावी आणि टोकाला बारीक ठिपका द्यावा. बाण तर नकोच, कारण हृदयाच्या आकृतीत बाण रक्ताची दिशा दाखवतात. गडद लाल भागावरून जाणाऱ्या काळ्या रेघेला दोन्ही बाजूंनी पांढरी किनार दिली, की ती हरवत नाही.

देवनागरीची एक खोड इथे आडवी येते. आडवी रेघ शिरोरेषेच्या उंचीवर नावाला टेकली, तर ती अक्षराचाच भाग वाटते. ‘निलय’ला शेपूट फुटल्यासारखं दिसतं. रेघ शिरोरेषेच्या खाली, अक्षराच्या मध्याशी आणावी आणि नावाआधी मिलिमीटर-दीड मिलिमीटर मोकळं सोडावं.

अक्षरांचा आकार बिघडतो तो बहुधा पान मांडताना. चित्रकार २४० मिलिमीटर रुंद आकृती काढून त्यात १६ पॉइंटची नावं टाकतो. पानावर ती १२० मिलिमीटरची होते आणि नावं ८ पॉइंटची उरतात. शेजारची मूत्रपिंडाची आकृती मुळातच लहान काढलेली असेल, तर तिची नावं १२ पॉइंटची दिसतात. ‘ऊर्ध्व’मधला रफार आणि जोडाक्षर ८ पॉइंटला छपाईत भरून जातं ते वेगळंच. म्हणून आकृती पानावरच्या खऱ्या मापात बसवून झाल्यावरच नावं टाकावीत, तीही चित्रापासून वेगळ्या थरावर. मग सगळ्या पुस्तकात एकच ९ पॉइंट ठेवता येतात. लांब नाव मावेना म्हणून तेवढंच बारीक करण्याचा मोह होतो. त्याऐवजी ते दोन ओळींत मोडावं आणि रेघ दोन ओळींच्या मध्यावर आणावी.

छपाईला पाठवण्याआधी खऱ्या मापाची एक काळी-पांढरी प्रत काढून, नावं झाकून, फक्त रेघांची टोकं एखाद्या शिक्षकाला ओळखायला लावली, की चुका हाती लागतात. बहुतेक वेळा ठेच लागते ती आंतरनिलय पटलाशी: ठिपका पटलावर हवा असतो आणि दोन मिलिमीटर सरकून डाव्या निलयात पडलेला असतो.